अनिकेतला उत्तर

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय अनिकेत,

रविवारी कीर्तिमंदिरातून बाहेर पडताना तू लग्नाचं विचारलंस आणि मी दोन दिवस मागितले. तुला ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून आधी उत्तर सांगते. माझं उत्तर नाही असं आहे.

फोनवर दोन ओळी टाकून मोकळं व्हायला मन धजेना. एरवी दिवसभर आपण सगळ्यांशी गुजरातीत बोलतो, पण हे तू मराठीत, आडपडदा न ठेवता विचारलंस. त्याला तसंच उत्तर मिळायला हवं.

त्या दिवशी नंदलाल बोसांच्या गंगावतरणासमोर शाळेची मुलं उभी होती. मागच्या एका लहानग्याला काही दिसेना, तर तू पुढच्या सगळ्यांना खाली बसवलंस आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितलीस. तू असाच आहेस, आणि मला त्याचं फार कौतुक आहे. तुझ्याशी बोलताना मला कधी जपून बोलावं लागलं नाही. पण संसार मांडायला जी ओढ लागते, ती माझ्या मनात नाही. पुढे निर्माण होईल असंही मला वाटत नाही, म्हणून ‘थोडं थांब’ म्हणत नाही. तुला आशेवर ठेवणं मला जमणार नाही.

तुझी नोकरी, मांडवीतलं जुनं घर, काकूंचं आजारपण, यातलं काहीही आड आलेलं नाही. माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नाही. आईबाबांना तर मी विचारलंसुद्धा नाही. त्यांचं नाव पुढे करणं सोपं होतं, पण मग तू त्यांची समजूत घालायला आला असतास, आणि ते तुझ्यावर अन्यायाचं झालं असतं. निर्णय माझा एकटीचा आहे.

तू विचारलंस यात गैर काहीच नव्हतं. मला अवघडल्यासारखं झालं नाही, उलट मान वाटला. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, सांगणारही नाही. आपल्या भागात एका जिन्यावरचं बोलणं दुसऱ्या जिन्यावर पोचायला वेळ लागत नाही, ठाऊक आहेच. काकूंना काय सांगायचं ते तू ठरव. त्यांनी मला विचारलंच, तर ‘आमचं तसं काही ठरलं नव्हतं’ एवढंच म्हणेन.

राहिलं गणपतीतलं नाटक. दिग्दर्शन तुझंच आहे, ते कृपा करून सोडू नकोस. मी समोर असल्यानं तुला जड जाणार असेल, तर कपडेपटाचं काम मी सकाळी उरकेन, संध्याकाळी तालमीला येणार नाही. कुणी विचारलं तर शिकवण्या आहेत म्हणून सांगेन, आणि त्या खरंच आहेत.

बाकी कशाचं उत्तर द्यायलाच हवं असं नाही. सकाळ की संध्याकाळ, तेवढं शनिवारपर्यंत कळव, म्हणजे शिंपीकाकांना वेळ देता येईल.

तुझी मैत्रीण,
मृण्मयी