विषय: सप्टेंबरच्या विक्री अहवालातील बदललेल्या आकड्यांबाबत

आदरणीय मॅडम,

३ ऑक्टोबरच्या अहवालात सप्टेंबरची निव्वळ विक्री ४.८२ कोटी रुपये दाखवली होती. आज डॅशबोर्डवर तीच ५.०१ कोटी दिसते. कोल्हापूर डेपोची २८ ते ३० सप्टेंबरची बिले तिथला सर्व्हर बंद असल्याने ४ तारखेच्या रात्री, म्हणजे अहवाल पाठवून झाल्यावर, मुख्य प्रणालीत लोड झाली, हे या फरकाचे कारण आहे.

या बिलांची रक्कम २३ लाख असून त्याच फाइलमध्ये ४ लाखांचा परत आलेला मालही होता, त्यामुळे निव्वळ वाढ १९ लाखांची आहे. आपण विक्री लोडच्या नव्हे, बिलाच्या तारखेने धरतो, म्हणून ही रक्कम सप्टेंबरमध्येच जमा झाली आणि ऑक्टोबरच्या आकड्यांना धक्का लागलेला नाही. एकच बिल दोनदा आले नसल्याची खात्री बिल क्रमांकावरून केली आहे. इतर डेपोंचे आकडे जसेच्या तसे आहेत.

अडचणीचा मुद्दा एवढाच की ५ कोटींचे उद्दिष्ट आधी हुकलेले दिसत होते आणि आता जेमतेम गाठलेले दिसते. परत आलेल्या मालाच्या आणखी काही नोंदी बाकी असल्याचे डेपोचे म्हणणे आहे, तेव्हा लेखा विभागाची पुष्टी येईपर्यंत उद्दिष्टपूर्ती वरिष्ठांना कळवू नये, असे माझे मत आहे.

सुधारित अहवाल सोबत जोडला असून बदललेले रकाने पिवळ्या रंगात आहेत. यापुढे सर्व डेपोंच्या फाइल आल्याशिवाय अहवालावर ‘अंतिम’ लिहू नये, यास आपली संमती कळवावी.

आपली विश्वासू,
डेटा विश्लेषक, विक्री विभाग