मांगून घ्या

वसंताची गाडी सीताबर्डीवरून हिंगण्याला जायची. सकाळची पहिली फेरी म्हणजे निम्मी गाडी एमआयडीसीच्या सातच्या पाळीची, आणि उरलेली टोपल्यांची. कॉटन मार्केटातून पहाटेच भाजी उचललेल्या बाया सांभार, पालक, मेथीच्या जुड्या ओल्या फडक्यात बांधून मागच्या दारानं चढायच्या. शंकरनगर येईपर्यंत गाडीत पाय ठेवायला जागा उरायची नाही आणि सगळ्या गाडीला सांभाराचा वास लागायचा.

इंदूमावशी त्यांतलीच एक. बन्सीनगरला उतरायची. रोज तिच्या तिकिटाचे तीन रुपये उरायचे आणि रोज पहिल्या फेरीला वसंताच्या बॅगेत चिल्लर नसायची. खरंच नसायची. लोकांना वाटतं कंडक्टर दाबून ठेवतो. पण पहिल्या फेरीला ज्याच्या त्याच्या हातात नोटच असते. तो मशीनमधून निघालेलं तिकीट उलटं करायचा, त्यावर बॉलपेननं ‘३’ लिहायचा आणि म्हणायचा,

“मावशी, चिल्लर मांगून घ्या.”

मांगून म्हणजे नंतर. पण नंतर कधी? बन्सीनगरला मावशी मागच्या दारानं टोपलं सांभाळत उतरायची आणि वसंता गर्दीत पुढच्या दाराशी अडकलेला असायचा. तिकीट पदराच्या गाठीत जायचं.

एका मे महिन्यात, भल्या सकाळीच खिडकीची लोखंडी दांडी हाताला गरम लागत होती तेव्हा, मावशीनं गाठ सोडली. मांडीवर तिकिटांचा ढीग ओतला. मशीनची शाई उडून गेली होती, कागद कोरे पडले होते. मागचे आकडे तेवढे शाबूत होते.

“एकेचाळीस हायेत,” ती म्हणाली. “मोजून आणले. काहून गा कंडाक्टरभाऊ, रोज मले म्हनतं मांगून घ्या, मांगून घ्या. म्या काय भिकारीण हाओ, मांगून घ्याले?”

गाडी हसली. मावशीला आता रंग चढला.

“इतक्या पैशात तं चायचं दुकान निघते, बाप्पा! दुकान काढशीन तं नाव बी हेच ठेवजो, मांगून घ्या. गिऱ्हाईक तुले मांगल, तू त्याले मांगून देशीन!”

पाळीवाली पोरं खिडक्यांवर हात आपटून हसली. ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. वसंतालाही हसू आलं, पण मान खाली गेली. पुढची दहा मिनिटं त्यानं कोणाच्या डोळ्यांत न बघता तिकिटं फाडली. एकशेतेवीस रुपये ही त्याच्यासाठी लहान रक्कम नव्हती, आणि मावशीसाठी तर नव्हतीच. एका टोपल्यामागं तिला किती सुटत असतील, हा हिशेब त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा केला.

दुसऱ्या दिवशी तो घरून सगळी चिल्लर रुमालात बांधून घेऊन आला. मावशीनं हात मागं घेतला.

“राहू दे. दुकान निघालं का घेईन.”

“मस्करी नका करू, मावशी.”

“मस्करी कोन करते?” ती म्हणाली आणि टोपलं सरकवून त्याला पुढं जायला वाट करून दिली.

रात्री त्यानं हे सुनीताला सांगितलं. त्याला वाटलं, ती मावशीवर चिडेल. ती इतकी हसली की भाकर तव्यावर करपली. मग घरात तो शब्दच होऊन बसला. पोरानं वही मागितली की, मांगून घे. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला की सुनीता स्वयंपाकघरातूनच ओरडायची, “मांगून घ्या!” आणि पाहुणे बिचारे पेचात पडायचे.

पुढं वसंताची ड्युटी कामठी रोडच्या गाडीवर गेली. बन्सीनगर सुटलं. २०२० च्या जानेवारीत हिंगणा रोडवर वरून मेट्रो धावायला लागली. त्यानंतरच्या बंदीच्या दिवसांत घरी बसून बसून वसंताचा गुडघा पार आखडला. डॉक्टरांनी सांगितलं, उभ्याचं काम आता पुरे. उभ्याचं काम! चालत्या गाडीत, दोन्ही हात मोकळे ठेवून, नुसत्या कमरेवर तोल सांभाळत त्यानं एकोणीस वर्षं काढली होती. खड्डा कुठं येतो हे त्याच्या पायाला त्याच्याआधी कळायचं. असे पाय थकले तर त्यात त्यांचा काय दोष.

सुनीता म्हणाली, “चहा मी चांगला करतो. सारेच म्हणतात.”

जागा मिळाली ती वासुदेवनगरच्या अलीकडे, मेट्रोच्या खांबाजवळ. हातठेला, दोन बाकडी, गॅसची शेगडी, अद्रक कुटायला लोखंडी खलबत्ता. साळा म्हणाला, देवाचं नाव द्या. शेजारी म्हणाले, टी सेंटर लिहा, सगळेच लिहितात. वसंतानं पेंटरला वहीच्या पानावर नाव लिहून दिलं.

पेंटर शिकलेला होता. “भाऊ, शुद्ध ‘मागून’ असते. मा वर टिंब नाही.”

“टिंब पाहिजे.”

“लोक मले हसतील ना.”

“तिनं टिंबासहित म्हटलं होतं,” वसंता म्हणाला.

पेंटरला काही समजलं नाही, पण त्यानं लाल रंगात टिंब चांगलं ठसठशीत काढलं.

कॉटन मार्केटात वसंतानं तीन-चार जणींजवळ निरोप ठेवला. चौथ्या दिवशी, सकाळी नवाच्या सुमाराला, इंदूमावशी आली. केस पार पांढरे झालेले, टोपलं आधीपेक्षा लहान. तिला वाचता येत नव्हतं. तिनं बाकड्यावरच्या पोराला विचारलं, “काय लिवलं रे?”

पोरानं वाचलं, “मांगून घ्या.”

मावशी बराच वेळ फलकाकडं पाहत राहिली. मग खाली पाहिलं तर शेगडीमागं वसंता, हातात गाळणी.

“अवं माय,” ती म्हणाली. “खरंच काढलं.”

“बसा, मावशी.”

ती बसली नाही. पदराची गाठ सोडून तिनं तिकिटं ठेल्यावर ठेवली. कोरी, मऊ पडलेली, घडीवर फाटलेली. एकेचाळीस. इतकी वर्षं तिनं ती जपली होती, आणि वसंतानं रुमाल. त्यानं तोही खालच्या खणातून काढला.

“हे तुमचे पैसे.”

“पैशे कायले? चाय देते ना तू? केवढ्याले?”

“दहा.”

मावशीनं रस्त्याकडं तोंड करून हाक मारली. फुटपाथवर भाजी घेऊन बसलेल्या बाया एकेक करून उठल्या. कोणी हात पुसत आली, कोणी नातवाला कडेवर घेऊन. मावशी धरून बारा जणी. सुनीतानं दूध वाढवलं, अद्रक ठेचलं, पातेलं दोनदा उतू जाऊ दिलं. बाकड्यांवर जागा पुरेना तेव्हा वसंता सवयीनं म्हणाला, “समोर सरका, समोर सरका, समोर जागा आहे,” आणि बाया सरकल्या.

चहा झाला. मावशीनं बोटांवर हिशेब केला.

“बारा चाय. एकशेवीस झाले. तीन रुपये रायले.”

वसंतानं रुमालाची गाठ सोडून तीन नाणी काढली. मावशीनं त्याच्या मुठीवर हात ठेवून ती मिटली, आणि ढिगातलं एक तिकीट उचलून त्याच्यासमोर धरलं.

“चिल्लर नको,” ती म्हणाली. “लिवून दे.”

वसंतानं कानामागचं पेन काढलं.