मंद्या चाळिशीत आला!

काका, काकू, वहिनी आणि मंडळी, माइक माझ्या हातात बघून मंद्या घाबरलाय. भिया, टेन्शन नको घेऊस, कॉलेजचं काही काढत नाही. काकू समोर बसल्यात.

परवा सराफ्यात साहेबांनी नवा चष्मा कपाळावर चढवला, पाटी माझ्याकडून वाचून घेतली आणि मागवलं नेहमीचंच: भुट्ट्याचा कीस, वर गराडू. डाएट चालू आहे म्हणून जिलेबी अर्धीच. दुसरी अर्धी माझ्या प्लेटमधून! सकाळच्या पोह्यांवर तर अशी शेव घालतो की पोहे शोधावे लागतात.

पण रात्री दोनला गाडी बंद पडली की फोन यालाच करायचा. बडबडत येतो, पण येतो. वर चहाही पाजतो.

वहिनी, केक आणा. मंद्या, मार फुंकर, मेणबत्त्या कोणी मोजत नाहीये!