फडातली टिपणवही : जानेवारी-फेब्रुवारी २०२४

१९ जानेवारी, कराड तालुका

आज मुलाखत माझीच झाली. म-३, माझ्या मुलाखतींतली ऊसतोड मजूर बाई, कोपीसमोर बसून उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या बांधत होती. रेकॉर्डर काढायच्या आतच तिनं विचारलं, "ताई, गाव कंचं? आडनाव?" सांगितलं. "म्हंजी घरचा ऊस असंल." आहे म्हटलं, वाळव्याकडं. "किती एकर?" पाच. तिनं मान डोलवली, पेंढी गुडघ्याखाली दाबून आवळली आणि पुढं तासभर जगातले सगळे शेतकरी चांगले होते. खुशालीचं मी काढलं, तर "देतात कुणी कुणी चहापाण्याला" म्हणून विषय गुंडाळला.

खुशाली काय असते हे मला कुणी शिकवायला नको. तोड लवकर मिळावी म्हणून दादा टोळीला पैसे मोजत, आणि टोळी गेली की आमच्या सोप्यात त्याला लूट म्हणत. माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्न "शेतकऱ्यांकडून जादा पैसे मिळतात का?" असा उतरलाय. 'जादा' हा दादांचा हिशेब झाला. म-३ चा हिशेब असा : टनामागची मजुरी हंगामाआधी घेतलेल्या उचलीत वळती होते, हंगामात हाताला लागते ती आठवड्याची खर्ची, वाढ्याचे पैसे आणि ही खुशाली. तिच्या बाजूनं 'जादा' त्यात काहीच नाही. प्रश्न आता असा : "या आठवड्यात रोख पैसे कुठून कुठून आले?"

२४ जानेवारी

रात्री दादांचा फोन. या महिन्यात तोडणी मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली, तोच विषय. "तुझ्या त्या लोकांचं भलं झालं. कापणार आमच्याच बिलातनं." चूक काय म्हणावं? तोडणी-वाहतूक एफआरपीतूनच, म्हणजे उसाच्या सरकारनं ठरवलेल्या दरातूनच वजा होते. आणि माझी फी त्याच बिलातून भरली जाते. म्हणजे ज्या मजुरीबद्दल मी लिहिणार, तिच्या वाढीची झळ माझ्या घराला लागते. प्रबंधाच्या सुरुवातीला 'संशोधक शेतकरी कुटुंबातील आहे' एवढी ओळ टाकून मोकळं होता येतं. बरेच जण तेच करतात. ती ओळ म्हणजे दाराशी चपला काढण्यासारखी, आत काय करता याच्याशी तिचा संबंध नसतो. वजावटीची गोष्ट मजुरीच्या प्रकरणातच यायला हवी, आकड्यांशेजारी.

३० जानेवारी

अंधार असतानाच टोळीबरोबर फडात. पाचट अंगाला कापतं, हे मी विसरले नव्हते. ऊस बुडाशी, जमिनीलगत तोडावा लागतो हेही ठाऊक होतं. वर बुडखा राहिला की दादा ओरडायचे. पण ते ओरडणं मी नेहमी बांधावरून ऐकलं. आज वाकलेल्या बाईच्या शेजारी उकिडवी बसून ऐकलं, तेव्हा त्याचा रोख कळला. शेतमालक माझ्याशी मात्र अदबीनं बोलला, आडनावाला जागून.

बायकांनी पाळीचं, दवाखान्याचं बोलणं माझ्यासमोर टाळलं. यात उसाचा संबंध नसावा. माझं लग्न झालेलं नाही, आणि "पोरीपुढं कशाला" हे एकीनं दुसरीला म्हटलेलं मला ऐकू आलं.

६ फेब्रुवारी, विद्यापीठ

म-३ ची मुलाखत तिघांनी वेगवेगळी कोड केली. एकाच वाक्यावर तीन तऱ्हा : "मुकादम चांगला हाय, अडीनडीला देतो." मी लिहिलं होतं 'विश्वास'. आमच्याकडं टोळी आणणारा मुकादम यायचा तो पाव्हणा म्हणून, चहा घेऊन जायचा. माझ्या कानाला ते वाक्य ओळखीचंच वाटलं. मुंबईच्या सहकारी मैत्रिणीनं लिहिलं 'वेठबिगारी', तेही तिच्या वाचनाला धरूनच. तिसरा सहकारी धारूर तालुक्यातला, आईवडिलांनी कोयता केलेला. त्यानं कागद बाजूला सारला आणि आवाज लावायला सांगितला. दोनदा ऐकून म्हणाला, "ती तुला सांगतच नाहीये. 'चांगला' म्हणताना आवाज बघ किती चढवलाय. जवळ कोण होतं?"

होता की. मुकादमाचा भाचा, ट्रॅक्टरच्या चाकापाशी. माझ्या नोंदीत तो 'चालक, वय अंदाजे २५' एवढाच आहे.

मैत्रिणीचं म्हणणं, तिन्ही कोड जुळेपर्यंत चर्चा करू. मला ते पटत नाही. धारूरच्या सहकाऱ्याला जे ऐकू आलं ते आम्हा दोघींच्या सहमतीत विरघळेल. तिन्ही कोड तसेच ठेवायचे, आणि प्रत्येक उताऱ्याला 'कानाच्या टप्प्यात कोण' असा रकाना जोडायचा. त्याचं ऐकणंही अंतिम नाही, हे त्यानंच बजावलं : आपल्या आईचा मुकादम वाईट होता म्हणून आपल्याला प्रत्येक मुकादमात तोच दिसतो.

११ फेब्रुवारी

ठरलेलं : पट्टा पडल्यावर, हंगाम संपला की, जूनमध्ये धारूरला, नवी उचल वाटायच्या आधी. तिथं म-३ तिच्या दारात असेल आणि मी पाहुणी. आजारपणाच्या मुलाखती गावातल्या आशाताई घेतील, त्या तयार असतील तर. मी बाहेर थांबेन. खुशालीवर दादांचीही रीतसर मुलाखत घ्यायची. ती मात्र मी घ्यायची नाही, मैत्रिणीनं घ्यायची.