घरचा डबा, जळगाव

खान्देशी चवीचा, रोज ताजा डबा. दुपारी आणि संध्याकाळी. सगळं शाकाहारी.

या आठवड्याचा मेनू (दुपार)

सोमवार: गिलक्याची भाजी, मुगाचं वरण, पोळ्या
मंगळवार: शेवभाजी, पोळ्या
बुधवार: मटकीची उसळ, दादरची भाकरी
गुरुवार: पातोड्यांचा रस्सा, कळण्याची भाकरी
शुक्रवार: डाळगंडोरी, भाकरी, तळलेली मिरची
शनिवार: फुणके-कढी, भाकरी
रविवार: वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी (संध्याकाळी सुट्टी)

रविवार सोडून रोज भात असतो. कांदा-लिंबू रोजच. संध्याकाळी साधं जेवण: पोळी, एक भाजी, खिचडी किंवा वरण-भात.

भरीत फक्त हिवाळ्यात. हिरवी, मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजावी लागतात, ती बाजारात चांगली येतात तेव्हाच. उन्हाळ्यात कितीही मागितलं तरी करत नाही, चव येत नाही.

शेवभाजीची शेव वेगळ्या पुडीत असते. रस्सा गरम करा, जेवायला बसतानाच शेव टाका. आधी टाकली तर तिचा लगदा होतो आणि रस्साही पिऊन घेते. भाकरी कापडात गुंडाळून देतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत वाफ धरते आणि ती चिवट होते.

दर

पूर्ण डबा (४ पोळ्या किंवा २ भाकरी, भाजी, वरण, भात): ९० रुपये. अर्धा डबा (२ पोळ्या किंवा १ भाकरी, भाजी, भात): ६० रुपये. महिन्याचे २६ पूर्ण डबे: २,२०० रुपये, आगाऊ. स्टीलच्या डब्याची अनामत २०० रुपये, परत मिळते. रिकामा डबा दुसऱ्या दिवशी तयार ठेवा. नसेल तर त्या दिवशीचं जेवण कागदी डब्यात येतं, १० रुपये जास्त.

कुठे पोहोचवतो

गणेश कॉलनी, रिंग रोड, महाबळ, रामानंद नगर, पिंप्राळा. दुपारी १२ ते १.१५, संध्याकाळी ७.३० ते ८.४५. एमआयडीसीत फक्त दुपारी, गेटपर्यंत. आत सोडत नाहीत. भुसावळला देत नाही, कृपया आग्रह करू नका.

मागणी कशी द्यायची

या पानावरच्या हिरव्या बटणावर बोट ठेवा, व्हॉट्सअॅप उघडेल. दुपारसाठी सकाळी ९ च्या आत, संध्याकाळसाठी ४ च्या आत. कणीक मोजून भिजवतो, म्हणून उशिरा आलेला मेसेज दुसऱ्या वेळेला धरला जातो. मेसेज असा हवा:

«मंगळवार दुपार, १ पूर्ण, कमी तिखट, महाबळ, हनुमान मंदिरासमोर, दुसरा मजला»

फक्त «एक डबा पाठवा» लिहिलं तर पत्ता विचारण्यातच वेळ जातो. व्हॉइस मेसेज नको, स्वयंपाकघरात ऐकू येत नाही. आमचं «हो» आलं की मागणी पक्की. काही लिहिलं नाही तर तिखट खान्देशी असतं, आधी सांगून ठेवतो.

सुट्टी हवी असेल तर आदल्या रात्री ९ पर्यंत कळवा. तो डबा महिन्यात पुढे धरतो. सकाळी कळवलं तर धरत नाही, तोवर भाजी चिरून झालेली असते.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा डबा २ च्या आत खा. कढी आणि वरण उन्हात लवकर आंबतं, गाडीत तर ठेवूच नका.