टॅरो मांडणी: माणूस नवा, गोष्ट तीच

तीन नाती झाली आणि तिन्ही एकाच वाटेने गेली. सुरुवातीला समोरचा रात्र-रात्र बोलत बसतो, मग मेसेज तुटक होत जातात, आणि तुम्ही दुप्पट जीव लावून त्याला धरून ठेवायला बघता. ही सहा पत्त्यांची मांडणी त्यासाठी आहे. आधी ही गोष्ट दोन ओळींत कागदावर उतरवा, पण कुणाचं नाव न घालता. नाव आलं की तक्रार सुरू होते.

पूर्ण ७८ पत्त्यांची गड्डी पिसा. ‘तो परत येईल का?’ हा प्रश्न आज विचारायचा नाही. समोरच्याच्या मनात काय आहे ते या मांडणीत कुठेच येत नाही. पाच पत्ते गोलात मांडा. पहिल्या आणि पाचव्याच्या मध्ये एका पत्त्यापुरती जागा मोकळी सोडा.

पहिला, ओढ: मी नेमकं कशावर भाळते?
दुसरा, ओळख: असं प्रेम मी आधी कुठे पाहिलंय? (घर आठवलं तर आठवू द्या, पण तिथेच रमू नका.)

तिसरा, खूण: मला काय दिसलं होतं आणि मी काय मनावर घेतलं नाही?
इथे घाई नको. खूण बहुधा बारीक असते: ठरलेली भेट त्याने आयत्या वेळी मोडली आणि ‘काही हरकत नाही’ असं तुम्हीच लिहून पाठवलं. पत्त्याचा ठरीव अर्थ शोधण्याआधी चित्रातल्या माणसाची नजर कुठे आहे ते बघा. फाइव्ह ऑफ कप्स आला, तर काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतोय. पाठीमागचे दोन उभे पेले त्याला दिसतच नाहीत. तुमची नजर तेव्हा कुठे होती? प्रसंग लिहा, मत नको.

चौथा, माझी चाल: खूण दिसल्यावर मी काय केलं?

पाचवा, लाभ: यातून मला काय मिळत राहतं?
प्रश्न बोचरा आहे, मान्य. इथे डेव्हिल आला तर दचकू नका. पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या, १९०९ मध्ये आलेल्या गड्डीत डेव्हिलच्या पायाशी बांधलेल्या स्त्री-पुरुषाच्या गळ्यातल्या साखळ्या सैल आहेत. मात्र नात्यात मारहाण किंवा धाक असेल, तर हा पत्ता काढूच नका. तिथे ‘लाभ’ विचारणं अन्याय आहे. पत्ते बाजूला ठेवून विश्वासातल्या माणसाशी बोला.

सहावा मोकळ्या जागेत ठेवा: तिसऱ्या पत्त्यातली खूण पुन्हा दिसली, तर मी त्याच दिवशी काय करीन?
उत्तर करता येण्याजोगं हवं. ‘स्वतःवर प्रेम करीन’ चालणार नाही. ‘भेट मोडली तर मला वाईट वाटलं, हे त्याच संध्याकाळी सांगेन’ चालेल.

पत्ता आवडला नाही म्हणून दुसरा ओढू नका. तारीख घालून वही मिटा. पुढची मांडणी नवी ओळख वाढायला लागेल तेव्हा.