घरातील जुन्या छायाचित्राचे वर्णन: दिसते ते आणि वाटते ते

हे वर्णन कौटुंबिक संग्रहातील एका छायाचित्रासोबत ठेवण्यासाठी लिहिले आहे. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंगाने जे दिसले ते आधी नोंदवले असून काळ आणि स्थळ यांविषयीचे माझे अंदाज त्यानंतर वेगळे दिले आहेत. पुढे कोणी माझे अंदाज खोडले, तरी निरीक्षणाचा भाग त्याला जसाच्या तसा वापरता यावा.

प्रत १३७ मिलिमीटर उंच व ८७ मिलिमीटर रुंद असून जाड कागदावर आहे. खालचा उजवा कोपरा फाटलेला आहे. चित्रात तीन व्यक्ती आहेत. डावीकडे एक पुरुष उभा आहे. त्याचा कोट गळ्यापर्यंत बंद असून त्याचा एक हात खुर्चीच्या पाठीवर आहे. खुर्चीत रुंद काठाची साडी नेसलेली स्त्री बसली आहे आणि तिच्या गुडघ्याला टेकून सुमारे तीन-चार वर्षांचे मूल उभे आहे. मुलाचा चेहरा स्पष्ट आहे, पण उजवा हात धूसर आहे. मागे खांब आणि जिना दिसतो. जिन्याच्या पायऱ्या जमिनीला जिथे मिळायला हव्यात तिथे कापडाची आडवी सुरकुती आहे. पुरुषाच्या टाचांमागे धातूच्या बैठकीचे टोक डोकावते.

कपड्यांचे रंग मी मुद्दाम लिहिलेले नाहीत. छायाचित्र टिपण्यासाठी कॅमेऱ्यात वापरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या काचपट्ट्या मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत, त्यामुळे लाल वस्त्र जवळजवळ काळे आणि निळे वस्त्र फिकट उमटे. म्हणून कोट ‘काळा’ नव्हे, तर ‘गडद’ एवढेच म्हणता येते. स्त्री दुःखी दिसते असे घरात नेहमी म्हटले जाते. निरीक्षण एवढेच की तिचे ओठ मिटलेले आहेत आणि नजर कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे आहे.

मागच्या बाजूला मधोमध उभी छापील रेघ आणि वर तिकिटासाठी चौकट आहे. त्यावर निळ्या बॉलपेनने ‘आजी, १८९०’ असे लिहिले आहे. प्रतीच्या कडांजवळच्या गडद भागांवर, प्रकाश तिरपा पडला की, चांदीसारखी निळसर चकाकी दिसते. चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पुरुषाच्या खांद्यापर्यंत एक पांढरा ओरखडा जातो. तिरप्या उजेडात पाहिले असता त्या जागी कागदाचा पृष्ठभाग मात्र पूर्णपणे गुळगुळीत आहे.

या शेवटच्या निरीक्षणावर मी सर्वाधिक वेळ घालवला, कारण बाकीच्या अंदाजांची दिशा त्यानेच बदलली. ओरखडा चित्रात आहे आणि कागदावर नाही, याचा सर्वांत सरळ अर्थ असा की, ही एखाद्या आधीच्या, ओरखडा पडलेल्या छायाचित्राची पुन्हा कॅमेऱ्याने काढलेली नक्कल असावी. मूळ काचपट्टीवरच ओरखडा असण्याची शक्यता उरते, पण ती मला कमी वाटते, कारण ओरखड्याच्या एका कडेला सावलीची बारीक रेघही दिसते. तसे असेल, तर प्रतीचा काळ आणि चित्रातल्या माणसांचा काळ हे दोन वेगळे प्रश्न ठरतात. मागील बाजू संदेश आणि पत्ता अशी विभागलेली पोस्टकार्डे ब्रिटनमध्ये १९०२ मध्ये सुरू झाली, म्हणून ही प्रत १९०२ नंतरची असावी. चांदीची चकाकी जिलेटिनचा थर असलेल्या छायाचित्राच्या कागदाशी जुळते, पण तेवढ्यावरून वर्ष ठरत नाही.

‘१८९०’ या आकड्याला मी पुरावा मानत नाही. बॉलपेन बाजारात सर्रास मिळू लागले ते १९४५ नंतर, म्हणजे चित्र काढल्यानंतर बऱ्याच काळाने कोणीतरी आठवणीतून तो लिहिला. आठवण खोटी आहे असे मात्र यावरून ठरत नाही. ‘आजी’ म्हणजे लिहिणाऱ्याची आजी, आणि लिहिणारे कोण हे अक्षरावरून मला ठरवता आलेले नाही. बसलेली स्त्री आपली पणजी असल्याचे आई सांगत असे. ते तिचे सांगणे म्हणून येथे नोंदवतो. ते खरे असावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी नोंदीत ते वेगळे ठेवले आहे.

धातूची बैठक ही डोके स्थिर ठेवण्याच्या आधाराची असावी. चित्र टिपायला बराच वेळ लागे तेव्हा असे आधार वापरत. ते स्टुडिओत पुढेही पडून असू शकत, त्यामुळे त्यावरून काळ निश्चित होत नाही. मुलाचा हात धूसर असल्याने चित्र क्षणार्धात टिपलेले नव्हते, एवढे नक्की. स्थळाविषयी तर चित्र जवळजवळ गप्प आहे: खांब आणि जिना पडद्यावर रंगवलेले आहेत, आणि असे पडदे ठिकठिकाणच्या स्टुडिओंत असत.

नातेवाइकांपैकी कोणाकडे हेच चित्र असेल, तर त्या प्रतीवर पुरुषाच्या खांद्यापाशी तिरप्या उजेडात ओरखडा पाहावा. तो पृष्ठभागावर खोलगट दिसला, तर ती या नकलेची मूळ प्रत असण्याची दाट शक्यता आहे, आणि मग कागद, पुठ्ठा व पाठ यांवरून चित्राच्या खऱ्या काळाचा शोध नव्याने घेता येईल.